खारट घाम, दाट कफ आणि ‘मीठ बंद करा’चा सल्ला

“सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, आपल्याकडे होत नाही. आपल्या मुलांना कफ होतो तो दही, केळी, दूध आणि थंड खाल्ल्याने. घाम फार खारट लागत असेल तर अंगात मीठ जास्त झालंय, मुलाचं मीठ बंद करा. खोकल्याचं औषध देऊन खोकला थांबवा, वाफ द्या. वय वाढलं की कफ आपोआप जातो. जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा.”

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतो आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा आईवडिलांकडून जनुकांतून येणारा जन्मजात आजार आहे; त्यात घाम फार खारट होतो आणि छातीतला कफ दाट होऊन साचत जातो. यातलं मिठाचं वाक्य सगळ्यांत घातक आहे. मे महिन्यात इथला पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा या एका वाक्यापायी मूल अतिदक्षता विभागात पोचू शकतं. म्हणून क्रम मोडून सुरुवात तिथूनच.

मिठाबद्दल

घामग्रंथीचे दोन भाग असतात. खाली गुंडाळी असते, तिथे घाम तयार होतो. त्या जागी तो जवळजवळ रक्ताइतकाच खारट असतो. तिथून त्वचेवर येताना तो एका बारीक नळीतून जातो आणि नळीच्या भिंतीतल्या पेशी वाटेतच बरंचसं मीठ परत शोषून घेतात. क्लोराइड परत घेण्याचं काम करतं सीएफटीआर नावाचं प्रथिन. पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं हे क्लोराइडचं चॅनल. क्लोराइड आत गेलं की सोडियमही त्याच्याबरोबर आत जातं, म्हणून निरोगी माणसाचा घाम त्वचेवर येईपर्यंत बऱ्यापैकी अळणी झालेला असतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हेच चॅनल जन्मापासून बिघडलेलं असतं. मीठ परत घेतलंच जात नाही, सगळं घामाबरोबर बाहेर पडतं.

म्हणजे मुलाच्या कपाळाचा मुका घेताना ओठाला खारट लागतं, गालावर पांढरा थर वाळतो, ते अंगातून मीठ निघून चालल्याचं चिन्ह आहे. किती चाललंय याचा हिशोब करू. निरोगी मुलाच्या घामात क्लोराइड लिटरमागे ३० मिलिमोलच्या आत असतं. या आजारात ते ६० किंवा त्याहून जास्त, बरेचदा १०० च्या आसपास असतं. १०० धरलं तर एक लिटर घामाबरोबर जवळपास ५.८ ग्रॅम मीठ जातं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा भरून. घामातलं क्लोराइड २० असलेल्या मुलाचं तेवढ्याच घामात १.२ ग्रॅम जाईल. लहान मुलाला दिवसाला अर्धा लिटर घाम आला तरी अर्धा चमचा मीठ गेलं. त्यात घरच्यांनी वरणाभातातलं मीठही काढून टाकलं, तर भरपाई कुठून होणार?

यात एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. एरवी घाम आल्यावर शरीरातून मिठापेक्षा पाणी जास्त जातं, रक्त दाट होतं आणि तहान लागते. या मुलांचा घामच रक्ताच्या जवळपास खारट असल्याने पाणी आणि मीठ दोन्ही सारख्याच प्रमाणात जातात. रक्ताची घनता फारशी वाढत नाही, त्यामुळे तहानेचा इशाराच मिळत नाही. मूल पाणी मागत नाही, नुसतं मलूल पडतं. खायला नको म्हणतं, उलट्या करतं, लघवी कमी होते. अशा वेळी साधं पाणीच पाजत राहिलं तर उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. रक्ताच्या तपासणीत सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड तिन्ही कमी आणि बायकार्बोनेट वाढलेलं दिसलं, तर डॉक्टरांच्या मनात हा आजार यायलाच हवा. विशेषतः तान्ह्या बाळात, आणि जुलाब झालेले नसताना.

घामाचा आणि या आजाराचा संबंधही उन्हाळ्यातच कळला. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा निर्जलीकरण होऊन दाखल झालेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसचीच मुलं जास्त असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्या धाग्यावरून पुढे १९५३ मध्ये घामातलं मीठ मोजलं गेलं आणि तीच आजची निदानाची चाचणी झाली.

म्हणून निदान झालेल्या मुलाला मीठ जास्तच द्यायचं असतं. आईच्या दुधावरच्या बाळाला पहिल्या सहा महिन्यांत दिवसभरात मिळून चहाच्या चमच्याचा आठवा भाग आणि पुढे पाव चमचा, थोडं थोडं वाटून, असा सर्वसाधारण आरंभ असतो. मूळ मात्रा आणि उन्हाळ्यातली वाढ वजन आणि रक्ततपासणी पाहून डॉक्टर ठरवतात. मोठ्या मुलाच्या ताटात शेंगाचटणी, लोणचं, पापड यांना बंदी नको. उन्हात खेळायला जाण्याआधी आणि आल्यावर ओआरएस द्यावं. ओआरएसची पुडी सांगितल्याइतक्याच पाण्यात कालवायची. मूल नको म्हणतं म्हणून त्यात जास्त पाणी ओतलं तर मिठाचं प्रमाण घसरतं.

हे सगळं निदान झालेल्या मुलांसाठी आहे. घाम खारट लागतो एवढ्यावरून कुणी घरच्या घरी मीठ वाढवू नये आणि कमीही करू नये. आधी चाचणी.

गोऱ्या लोकांबद्दल

युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार जास्त आढळतो हे खरं. तिथे साधारण अडीच ते साडेतीन हजार जन्मांमागे एक मूल, असं प्रमाण आहे. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण आजार आहे. दिल्लीच्या एम्समध्ये आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात या मुलांवर वर्षानुवर्षं उपचार होत आले आहेत. आपल्याकडे तो दिसत नाही याचं मोठं कारण म्हणजे तो शोधला जात नाही. सतत खोकणारं, वजन न वाढणारं मूल म्हटलं की आधी न्यूमोनिया, मग बालदमा, मग क्षयरोग अशीच नावं पुढे येतात.

या आजाराची सीएफटीआरची जनुकं आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी येतात. दोन्ही सदोष असली तरच आजार होतो. एकच सदोष असेल तर माणूस नुसता वाहक असतो आणि त्याला सहसा काही त्रास नसतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ शक्यता आजाराची असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसरं सुटलं, असा हिशोब चालत नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

सोलापूर आणि कर्नाटक-तेलंगणच्या सीमेवरच्या पट्ट्यात मामेबहिणीशी लग्न करायची पद्धत आहे, काही समाजांत मामा-भाचीचंही होतं. आत्येमामे भावंडांपैकी एक जण वाहक असेल, तर दुसऱ्याकडेही नेमका तोच दोष असण्याची शक्यता नात्यामुळेच ८ मध्ये १ असते. मामा-भाचीच्या जोडीत ती ४ मध्ये १ होते. घराण्यात याआधी कुणाला आजार नव्हता, हे वाक्य म्हणून फारसं उपयोगाचं नाही, कारण वाहक पिढ्यान्‌पिढ्या निरोगीच असतात.

जनुक चाचणीतही ‘गोऱ्यांचा आजार’ ही समजूत नडते. सर्वांत जास्त आढळणारा दोष एफ५०८डेल म्हणून ओळखला जातो. १४८० अमिनो आम्लांच्या या प्रथिनातलं ५०८ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल गळलेलं असतं. तेवढ्याने प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते पृष्ठभागावर पोचण्याआधीच मोडून टाकते. युरोपीय रुग्णांत हा दोष बहुसंख्यांकडे सापडतो, भारतीय रुग्णांत त्याचा वाटा बराच कमी आहे. त्यामुळे ठराविक मोजके दोष तपासणारा स्वस्त पॅनेल निर्दोष आला, तरी आपल्या मुलाबाबतीत त्याने आजार नाही असं ठरत नाही. घामाच्या चाचणीचा आकडा जास्त असेल तर संपूर्ण जनुकाचं वाचन करून घ्यावं लागतं.

दही, केळी, दूध आणि कफ

कफ दाट का होतो हे पेशीच्या पातळीवरच पाहायला हवं. श्वासनलिकांच्या आतल्या पेशींवर सूक्ष्म केस असतात. त्यांची लांबी ७ मायक्रॉनच्या आसपास, एका पेशीवर सुमारे २०० केस, आणि ते सेकंदाला दहाएक वेळा घशाच्या दिशेने हलतात. केसांच्या भोवती पातळ द्रवाचा थर असतो आणि त्यावर श्लेष्म्याची चादर. धूळ, जंतू, यंत्रमागाच्या कारखान्यातले सुताचे बारीक तंतू, जे काही श्वासाबरोबर येतं ते चादरीला चिकटतं. खालचे केस ती चादर मिनिटाला काही मिलिमीटर अशी वर सरकवत राहतात. घशापर्यंत आलं की आपण ते नकळत गिळतो. निरोगी माणसाच्या छातीत हे काम अहोरात्र चालू असतं आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

तो खालचा पातळ थर टिकून राहायचा तर पेशींनी त्यात क्लोराइड सोडत राहायला हवं. क्लोराइड बाहेर आलं की त्याच्या ओढीने पाणी येतं. घामाच्या नळीत जे चॅनल क्लोराइड आत घेतं, तेच श्वासनलिकेत क्लोराइड बाहेर सोडतं. ते बिघडलं की पाणी येणं थांबतं. शेजारचं सोडियमचं चॅनल मात्र सोडियम आत ओढतच राहतं आणि त्याच्याबरोबर असलेलं पाणीही आत जातं. थर आटतो, केस वरच्या श्लेष्म्याखाली दबतात आणि त्यांना हलायला जागा उरत नाही. एकाच दोषाने त्वचेवर मीठ सांडतं आणि छातीत पाण्याचा दुष्काळ पडतो, तो असा.

या चॅनलमधून बायकार्बोनेटही जातं, आणि कफाच्या चिकटपणात त्याचा वाटा मोठा आहे. श्लेष्म्यातली म्यूसिन ही लांबलचक प्रथिनं पेशीत कॅल्शियमने घट्ट बांधून दाबून ठेवलेली असतात. बाहेर पडल्यावर बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेतं, तेव्हा ती सुटतात, पाणी शोषतात आणि मोकळी पसरतात. बायकार्बोनेट नसेल तर गाठोडं सुटत नाही. धागे एकमेकांना आणि ग्रंथीच्या तोंडालाच चिकटून राहतात.

निरोगी श्लेष्म्यात सुमारे ९८ टक्के पाणी आणि २ टक्के घन भाग असतो. या आजारात घन भाग ८ टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. आकडा लहान दिसतो, पण सोलापुरात ज्यांनी सुताला खळ लावली आहे त्यांना तो लगेच कळेल: पाणी थोडं कमी पडलं की तीच खळ धाग्याला धागा चिकटवून बसते.

या सगळ्यात दह्याचा किंवा केळ्याचा कुठेच संबंध येत नाही. दुधाने कफ तयार होत नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी काही क्षण दाट वाटतं, त्यावरून तो समज झाला असावा. या मुलांचं दूध-तूप तोडणं तर दुहेरी नुकसानीचं आहे. बहुतेकांच्या स्वादुपिंडाच्या नळ्याही याच दाटपणामुळे बुजलेल्या असतात, पाचक रस आतड्यात पोचत नाही, खाल्लेली चरबी तशीच बाहेर पडते. त्यांना स्निग्ध पदार्थ कमी नव्हे, जास्तच लागतात, आणि सोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. वजन घसरलं की श्वासाचे स्नायू अशक्त होतात, खोकून कफ काढायची ताकद जाते आणि फुप्फुसं लवकर खालावतात.

खोकला थांबवणं आणि वाफ

केसांनी कफ सरकवणं थांबलेलं असताना छाती साफ करायचा एकच मार्ग शिल्लक असतो, तो खोकला. कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फॅन असलेल्या सायरपने तो दाबला, तर रात्र शांत जाते आणि कफ जिथल्या तिथे राहतो. सर्दीची जी औषधं झोप आणतात आणि नाक कोरडं करतात, ती तर मुळात आटलेल्या थराच्या उलट दिशेने काम करतात. वाफेने नाकाला थोडं बरं वाटतं, पण तिचे थेंब खोल पोचत नाहीत आणि कफात पाणी ओढून आणण्याची ताकद साध्या पाण्यात नसते. गरम पाण्याच्या पातेल्याने मुलं भाजतात, हा धोका वेगळाच.

पाणी ओढतं ते मीठ. म्हणून ७ टक्क्यांचं निर्जंतुक मिठाचं पाणी नेब्युलायझरने फुप्फुसात देतात. श्लेष्म्यावर खारट थेंब पडले की पेशींतलं पाणी ऑस्मोसिसने बाहेर येतं आणि थर काही काळ तरी ओला होतो. सकाळ-संध्याकाळचा क्रम असा असतो. आधी श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे पफ स्पेसरमधून देतात, कारण खारट पाण्याने नळ्या आवळू शकतात. साधारण १५ मिनिटांनी ७ टक्क्यांचं ४ मिलिलिटर पाणी नेब्युलायझरने, त्याला १०-१५ मिनिटं लागतात. मग लगेच १५-२० मिनिटं छाती साफ करण्याचे व्यायाम. श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते सर्वांत शेवटी, म्हणजे ते कफावर न पडता नळीच्या भिंतीपर्यंत पोचतं. ७ टक्क्यांचा पहिला डोस दवाखान्यातच द्यायचा असतो, आधी आणि नंतर श्वास तपासून. मीठ पाण्यात कालवून घरी द्रावण बनवू नये. ते निर्जंतुक नसतं आणि प्रमाणही चुकतं.

व्यायामांत सर्वांत उपयोगी आणि बिनखर्चाची युक्ती म्हणजे हफ. मूल मध्यम श्वास घेतं, दोन-तीन सेकंद धरतं, मग तोंड आणि घसा उघडा ठेवून जोरात, पण घसा न आवळता, ‘हाऽ’ करून हवा सोडतं. दोन-तीन हफ, मग शांत पोटाने श्वास, मग पुन्हा. कफ वर आल्याची घरघर जाणवली की मगच खोकायचं. सुरुवातीपासून जोरजोरात खोकलं तर मऊ झालेल्या नळ्या दबून मिटतात आणि कफ त्यांच्या मागे अडकतो. तान्ह्या बाळाला डोकं खाली करून थोपटण्याची जुनी पद्धत आता सांगत नाहीत, कारण दूध वर येऊन श्वासात जातं.

नेब्युलायझरची स्वच्छता आमच्या मते औषधाइतकीच महत्त्वाची आहे, आणि सोलापुरात ती जास्त कठीण आहे. इथे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात आणि टाकीत साठवावं लागतं. या मुलांच्या फुप्फुसाचा सर्वांत मोठा शत्रू असलेला स्यूडोमोनास जंतू साठलेल्या ओल्या जागीच वाढतो. दर वेळी कप आणि तोंडाचा भाग सुटा करून साबणाने धुवायचा, ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायचा आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण सुकू द्यायचा. नुसता विसळून ओलाच पेटीत ठेवला तर पुढच्या डोसाबरोबर जंतूही आत जातात. रबरी नळी उकळायची नसते. तिच्यात ओल दिसली तर यंत्र रिकामं चालवून सुकवायची. कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणीही त्याच कारणासाठी वारंवार बदलून टाकी घासावी.

वयाबरोबर काय होतं

ही मुलं जन्मतात तेव्हा त्यांची फुप्फुसं जवळपास ठीक असतात. नुकसान पुढे होतं, आणि फार लवकर सुरू होतं. ऑस्ट्रेलियात नवजात चाचणीतून सापडलेल्या बाळांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा तिसऱ्या महिन्यातच दहापैकी सुमारे तिघांच्या श्वासनलिका रुंदावलेल्या दिसल्या, आणि तीन वर्षांच्या वयात दहापैकी सहांच्या. त्यांतल्या अनेकांना बाहेरून फारशी लक्षणं नव्हती.

साचलेल्या कफात जंतू बसतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस आणि हिमोफिलस, पुढे स्यूडोमोनास. त्यांना मारायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येतात आणि इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. हे एन्झाइम जंतूंपुरतं थांबत नाही. ते नळीच्या भिंतीतले लवचीक तंतू कापतं आणि पेशींना आणखी श्लेष्मा बनवायला लावतं. मेलेल्या न्यूट्रोफिलमधला डीएनए कफात सांडतो, त्याने कफ आणखी चिकट होतो, अधिक साचतो, आणि आणखी न्यूट्रोफिल येतात. हा डीएनए कापणारं डॉर्नेज अल्फा नावाचं औषध आहे, दिवसातून एकदा २.५ मिलिग्रॅम नेब्युलायझरने. ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळायचं नाही.

वर्षानुवर्षं तंतू कापले गेले की नळीची भिंत सैल पडते, ती कायमची रुंद होते आणि तिच्यात कफाची डबकी साचतात. यालाच ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. रुंदावलेली नळी पुन्हा पूर्ववत करणारं औषध नाही. स्यूडोमोनासही वयाबरोबर बदलतो. सुरुवातीला तो मोकळा असतो आणि श्वासातून टोब्रामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस दिलं तर बऱ्याचदा पूर्ण जातो. वेळ गेली की तो स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून वसाहत बनवतो, आणि मग औषधांनी दबतो पण जात नाही. म्हणून मूल बरं दिसत असलं तरी दर तीन महिन्यांनी थुंकीचं किंवा घशाच्या स्वॅबचं कल्चर करायचं. जंतू पहिल्यांदा उगवतो तो काळ एकदाच मिळतो.

फुंकून करायची स्पायरोमेट्री बराच काळ चांगली येते, त्यामुळेही लोक निश्चिंत राहतात. नुकसान आधी ठिपक्याठिपक्यांत होतं आणि उरलेलं फुप्फुस ते झाकून नेतं. आकडा घसरू लागेपर्यंत अनेक नळ्या गेलेल्या असतात. पुढे कफातून रक्त, दम, रात्री ऑक्सिजन कमी होणं या गोष्टी येतात. कफ आपोआप जाण्याची वाट पाहणाऱ्या घरात हीच वर्षं हातातून जातात.

एक उदाहरण

समजा, अक्कलकोट रोडवरच्या एका घरात ६ वर्षांची मुलगी आहे. आईवडील आत्येमामे भावंडं. वजन १४ किलो, या वयात सुमारे २० अपेक्षित असतं. बाळपणापासून ओला खोकला, तीनदा न्यूमोनिया, एकदा क्षयरोगाची सहा महिन्यांची औषधं झालेली, त्या वेळी क्षयरोगाचा जंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी नकारात्मक होती. एक्स-रेवर वरच्या भागात डाग. या आजारातही वरचे भाग आधी बिघडतात, म्हणून क्षयरोगाशी गल्लत होते. फरक सांगणाऱ्या खुणा तिच्या घरातच असतात. क्षयरोगात भूक मरते, ही मुलगी भरपूर खाते आणि तरी वजन वाढत नाही. शौच भरपूर, तेलकट, वासाची, भांड्याला चिकटणारी. बोटांची टोकं फुगलेली आणि नखं गोलाकार वाकलेली.

तिची घामाची चाचणी अशी होते. हातावर पिलोकार्पिनचं जेल लावून ५ मिनिटं सौम्य विद्युतप्रवाह देतात, त्याने त्या जागी घाम सुटतो. मग ३० मिनिटं घाम बारीक वेटोळ्या नळीत गोळा करतात. किमान १५ मायक्रोलिटर मिळायलाच हवा. कमी मिळाला तर आकडा ग्राह्य धरत नाहीत, चाचणी पुन्हा करतात. समजा तिचा घाम ३८ मायक्रोलिटर मिळाला आणि क्लोराइड ९४ आलं. ६० आणि त्यापुढे म्हणजे आजार असण्याचीच दाट शक्यता. ३० ते ५९ आलं असतं तर पुन्हा चाचणी आणि जनुक तपासणीवर निर्णय ठरला असता. अंगावर सूज असलेल्या कुपोषित मुलात आकडा खोटा कमी येऊ शकतो, तेव्हा सूज उतरल्यावर परत करतात. ही सोय प्रत्येक शहरात नसते, म्हणून जाण्याआधी फोन करून क्लोराइड मोजतात का हे विचारावं. घामाची नुसती वाहकता मोजली असेल तर ती चाळणी चाचणी समजावी. रक्तातलं मीठ मोजून हे निदान होत नाही.

शौचातलं स्वादुपिंडातून येणारं इलास्टेज ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं, म्हणजे स्वादुपिंड काम करत नाही. १४ किलोला दर जेवणाला लायपेज या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमची १०,००० युनिटची एक कॅप्सूल, म्हणजे किलोमागे सुमारे ७०० युनिट, असा आरंभ योग्य आहे. पहिल्या घासाबरोबर सुरुवात, दाणे न चावता. दुधाच्या पेल्यालाही ती लागते. शौचात तेल दिसत राहिलं तर मात्रा वाढवतात, पण दिवसाला किलोमागे १०,००० युनिटची मर्यादा ओलांडत नाहीत, कारण फार जास्त मात्रेने मोठं आतडं आकसल्याच्या नोंदी आहेत. कल्चरला थुंकी पाठवताना कागदावर सिस्टिक फायब्रोसिस असं लिहायचं, म्हणजे प्रयोगशाळा स्यूडोमोनासच्या हळू वाढणाऱ्या प्रकारांसाठीही प्लेट ठेवते.

२०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झालेली तीन औषधांची एकत्र गोळी चॅनलची घडी सुधारून ते पृष्ठभागावर आणते आणि उघडं ठेवते. तिने खोकला, वजन आणि फुप्फुसाचं काम बरंच सुधारतं. ती सगळ्या दोषांवर चालत नाही, आधीच रुंदावलेल्या नळ्या पूर्ववत करत नाही, आणि तिची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्यापलीकडे आहे. तरी मुलीचे दोन्ही दोष नेमके कोणते, हे लिहून घेतलेलं असावं. एक म्हणजे औषध लागू पडेल का हे त्यावर ठरतं. दुसरं, तिच्या धाकट्या भावाचीही घामाची चाचणी करायची असते, तो खोकत नसला तरी. आणि आईला पुन्हा दिवस गेले तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का हे सांगता येतं, ते मात्र हे दोन दोष आधी माहीत असतील तरच. म्हणून तो जनुक अहवाल फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावा.